जर्मनच्या पेपरवरची फुली

"मुलीने जर्मनच्या क्लासला नाव घातलंय. क्लासमधून ए-वनच्या सराव पेपरचे फोटो आलेत. त्यावरच्या सूचना आणि मार्कांचं मराठी नीट कसं करायचं?"

फोटो आधी डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि बारीक खुणा पुसट होतात. जर्मनमध्ये दशांशासाठी टिंब नाही, स्वल्पविराम असतो. '१,५' मधला तो स्वल्पविराम दिसला नाही तर दीड मार्काचे पंधरा होतात.

ए-वन ही पहिल्या पातळीची परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या पेपरमधली 'क्रॉयत्सेन झी आन' ही सूचना नुसती 'फुली मारा' अशी लिहू नका. नाशिकच्या शाळेत शिकलेल्या मुलीसाठी फुली म्हणजे चूक, त्यामुळे ती चुकीच्या पर्यायांवर फुल्या मारत बसेल. 'बरोबर उत्तराच्या चौकोनात फुली करा' असं पूर्ण लिहा. उत्तरपत्रिकेवरची दुरुस्तीची सूचना तर त्याहून महत्त्वाची. तिथे चौकोन पूर्ण काळा केला की ते उत्तर रद्द होतं आणि मग दुसऱ्या चौकोनात फुली करायची असते. आपल्याकडे स्कॉलरशिप किंवा नीटला काळा केलेला गोल हेच उत्तर असतं. हा फरक मराठीत ठळक अक्षरांत लिहा.

ऐकण्याच्या विभागात 'त्स्वायमाल' म्हणजे दोनदा आणि 'आइनमाल' म्हणजे एकदाच. पहिला आणि तिसरा भाग दोनदा ऐकवतात, दुसरा एकदाच. तिन्हींना एकच वाक्य चिकटवलं, तर दुसऱ्या भागात मुलगी पुन्हा लागेल म्हणून थांबते आणि तेवढ्यात पुढचा प्रश्न सुरू होतो.

पत्रलेखनात 'पुंक्ट' हा शब्द दोन अर्थांनी येतो. सूचनेत 'प्रत्येक पुंक्टवर एक-दोन वाक्यं' म्हणजे दिलेला प्रत्येक मुद्दा. गुणांच्या तक्त्यात पुंक्ट म्हणजे मार्क. सगळीकडे 'गुण' लिहिलंत तर सूचनेला अर्थच उरत नाही. मुद्दे तीन असतात आणि पत्र साधारण ३० शब्दांचं. तक्त्याप्रमाणे प्रत्येक मुद्द्याला ३, दीड किंवा शून्य, आणि मायना-शेवट वगैरे पत्राच्या मांडणीला १, असे एकूण १०. समजा तिने कधी येणार आणि किती दिवस राहणार हे छान लिहिलं, पण हॉटेलचा पत्ता विचारायचाच राहिला. बाकी सगळं बिनचूक असलं तरी १० पैकी ७च मिळतील. म्हणून तक्त्याचं भाषांतर करताना 'मुद्दा सुटल्यास ०' ही ओळ गाळू नका.

शेवटचा आकडा १,६६, म्हणजे १.६६. लेखी-तोंडी मिळून ६० मार्कांना त्याने गुणून १०० पैकी निकाल काढतात आणि पास व्हायला ६० लागतात. सुटलेल्या त्या एका मुद्द्याचे ३ मार्क निकालात जवळजवळ ५ होतात. मराठीत हा गुणाकार सोडवूनच दाखवा, आणि प्रत्येक मराठी सूचनेच्या वर मूळ जर्मन ओळ ठेवा, कारण परीक्षेला तीच समोर येणार आहे.