'घरचे सात, सगळे ठीक'

सत्तरी तालुक्यातील एका वाड्यावरच्या शेहेचाळीस वर्षांच्या गृहस्थांच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले आणि चवथीनंतर पाचव्या आठवड्यात त्यांचे उपचार सुरू झाले. रिफॅम्पिसिनला दाद न देणारे जंतू नाहीत, हे त्याच तपासणीत कळले होते. घरातील माणसांच्या तपासणीच्या नोंदी मात्र तीन ठिकाणी विखुरल्या होत्या: परिचारिकेची वही, क्ष-किरण विभागाची चिठ्ठी आणि क्षयाचा संसर्ग झाला आहे का हे पाहणाऱ्या त्वचा चाचणीचा कागद. त्या एकत्र करून पाठपुराव्याची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. वहीच्या शेवटी एकच ओळ होती : 'घरचे सात, सगळे ठीक.'

मी प्रत्येक माणसासाठी एक आडवी ओळ आखली आणि वय, वजन, लक्षणे, क्ष-किरण, त्वचा चाचणी, डॉक्टरांचा निर्णय आणि औषध असे रकाने केले. पहिल्या अर्ध्या तासातच लक्षात आले की माझी खरी अडचण रिकाम्या चौकटींची आहे. एखादी चौकट रिकामी असली की तपासणी झालीच नाही, झाली पण निकाल आला नाही, की तिची गरजच नव्हती, हे कागदावरून कळत नव्हते. म्हणून मी नियम केला की कुठलीही चौकट कोरी राहणार नाही. 'बाकी', 'निकाल बाकी' किंवा 'गरज नाही' यांपैकी एक लिहायचेच, आणि झालेल्या प्रत्येक गोष्टीपुढे तारीख घालायची.

त्वचा चाचणीच्या रकान्यात याचा लगेच उपयोग झाला. रुग्णाची पत्नी आणि भाऊ यांच्यापुढे 'टेस्ट झाली' असे लिहिलेले होते, पण मिलिमीटरचा आकडा नव्हता. इंजेक्शन शुक्रवारी सकाळी दिले होते. ते ४८ ते ७२ तासांत, म्हणजे रविवार किंवा सोमवार सकाळपर्यंत वाचायला हवे होते, आणि दोघे आले ते मंगळवारी दुपारी. अशा उशिरा आलेल्या हातावरच्या फुगवट्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. मी दोघांपुढे 'वाचन वेळेत नाही, चाचणी बाकी' असे लिहिले. चाचणीचा निकाल नाही म्हणून प्रतिबंधात्मक उपचार अडवायचे नसतात. सक्रिय क्षय नाही एवढी खात्री हवी. ती खात्रीही अर्धवटच होती, कारण पत्नीचा क्ष-किरण काढला होता, पण तो वाचल्याची डॉक्टरांची सही कुठेच नव्हती.

भावाच्या चार वर्षांच्या मुलासाठी त्वचा चाचणीच्या रकान्यात 'गरज नाही' आले, कारण पाच वर्षांखालील मुलाला सक्रिय क्षय नाही हे ठरल्यावर चाचणीशिवायच औषध देतात. आजीच्या ओळीत मात्र मी हात आखडता घेतला. वहीत 'म्हातारपणाचा खोकला' एवढेच होते. विचारल्यावर तो तीन आठवड्यांचा निघाला. सक्रिय क्षय असताना प्रतिबंधासाठीचे नुसते आयसोनियाझिड दिले, तर त्या औषधाला न जुमानणारे जंतू वाढू शकतात. म्हणून तिच्या ओळीत 'थांबवले, थुंकी तपासणी बाकी' असे लिहून नमुना त्याच दिवशी पाठवला. भावजय सात महिन्यांची गरोदर असल्याने आठवड्याला एक अशा बारा मात्रांचा प्रतिबंधात्मक उपचार तिच्यासाठी नव्हता. तिचा निर्णय डॉक्टरांवर सोपवला.

मुलाचे वजन विचारायला मी पुन्हा फोन केला. रुग्णाच्या पत्नीने ते सांगितले आणि सहज म्हणाल्या, "बाई, चवथीला तर तो वास्कोच्या पोराबरोबर एकाच अंथरुणात झोपायचा." मी विचारले, "वास्कोचं कोण?" "आमचे चुलत दीर. मूळ घर इथंच ना, गणपती असेपर्यंत पाच रात्री होते. जाऊ आणि दोन वर्षांचं पोर."

वहीतले सात हे त्या दिवशी घरात सापडलेले सात होते. उपचार सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत एकाच घरात एक रात्र जरी काढली, तरी तो माणूस घरगुती संपर्कातला ठरतो. चवथ त्या तीन महिन्यांत होती, आणि चवथीपूर्वीच रुग्णाला खोकला सुरू झालेला होता. यादीत तीन ओळी वाढल्या. वास्कोच्या तिघांची माहिती मी तिकडच्या सहकाऱ्याला कळवली, आणि माझ्या यादीत 'पाठवले' असे लिहिण्यापूर्वी त्यांनी ती मिळाल्याचे सांगेपर्यंत थांबले.

पुढच्या दहा दिवसांत आजीच्या थुंकीत क्षयाचे जंतू आढळले नाहीत, पण क्ष-किरणात जुन्या व्रणासारखी छाया दिसली. डॉक्टरांनी तिला आणखी तपासणीसाठी ठेवले. पत्नीचा क्ष-किरण वाचून झाला आणि तिच्या बारा मात्रांतली पहिली गुरुवारी दिली गेली. औषधाच्या रकान्यात मी 'सुरू' न लिहिता बारा लहान चौकोन काढले, कारण 'सुरू' हा शब्द चौथ्या आठवड्यात औषध सोडलेल्या माणसापुढेही तसाच राहतो. वास्कोहून दोन वर्षांच्या मुलाचे वजन, लक्षणे नसल्याची नोंद आणि रोजच्या सहा महिन्यांच्या औषधाची पहिली तारीख आली, तेव्हा दहाव्या ओळीतला 'बाकी' मी खोडला.