आलेख शांत, तरी शंभरात चार नग बाद

"मॅडम, ऑपरेशन्सच्या क्विझमध्ये सगळेच पर्याय बरोबर वाटतात. कंट्रोल चार्ट, कायझेन, सिक्स सिग्मा... खूण कशावर करायची हे तुम्ही कसं ठरवता?"

पर्याय हाताने झाकून. खरंच तसं करते. पर्यायांमधले शब्द इतके ओळखीचे असतात की ते आधी वाचले की प्रश्न वाचायचाच राहतो. प्रश्नात 'आलेख' दिसला की हात कंट्रोल चार्टकडे जातो, 'दोष कमी' दिसलं की सिक्स सिग्माकडे. पर्याय झाकले की मी एकच गोष्ट शोधते: या प्रक्रियेत आत्ता काही वेगळं घडलंय, की ती नेहमीसारखीच चालली आहे आणि तिचं 'नेहमीसारखं'च वाईट आहे? याचं उत्तर मिळालं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

माझ्या वर्गात सर्वांत जास्त मुलं ज्या प्रश्नावर अडखळतात, तोच घेऊ. लेथवर शाफ्ट बनतोय. व्यास २५.०० मिलिमीटर हवा, ०.०५ इकडे-तिकडे चालेल. म्हणजे २४.९५ ते २५.०५ मधला नग पास. ठरावीक वेळाने सलग पाच नग मोजले, असे पंचवीस नमुने घेतले. सगळ्या सरासरींची सरासरी आली २५.०२. प्रत्येक नमुन्यात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान नगातला फरक, म्हणजे रेंज, सरासरीने ०.०४. रेंजच्या आणि सरासरीच्या, दोन्ही आलेखांवरचे सगळे बिंदू मर्यादेत, कुठे चढ नाही, उतार नाही. तरी शंभरात चारेक नग बाद होतायत. आता काय करायचं?

निम्मा वर्ग लिहितो, 'कंट्रोल चार्टच्या साहाय्याने विशेष कारण शोधावे.' चूक. विशेष कारण, म्हणजे एरवी नसलेलं काहीतरी, असतं तर आलेख बोलला असता. तो गप्प आहे, म्हणजे जे चाललंय ते रोजचंच, सामान्य कारणांचं आहे. आलेखाचं काम इथे संपलं.

पण मग आलेख ठीक असताना नग बाद कसे होतात? हे एकदा हाताने गणित केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. पाच नगांच्या नमुन्यासाठी सरासरीच्या आलेखाची मर्यादा काढताना रेंजच्या सरासरीला ०.५७७ ने गुणतात. ०.०४ गुणिले ०.५७७ म्हणजे ०.०२३. म्हणून वरची मर्यादा २५.०४३ आणि खालची २४.९९७. इथेच मुलं फसतात. २५.०४३ हा आकडा २५.०५ च्या आत आहे, बिंदू २५.०४३ च्या आत आहेत, मग नग बाहेर जातीलच कसे?

जातात, कारण आलेखावर नग नाही, पाच नगांची सरासरी आहे. सरासरी नेहमीच सुट्या नगांपेक्षा कमी पसरते. एक नग मोठा निघाला तर बाकीचे चार त्याला झाकून घेतात. सुट्या नगांची पसरण काढायची तर रेंजच्या सरासरीला २.३२६ ने भागायचं. येतं ०.०१७२, हे प्रमाण विचलन, म्हणजेच सिग्मा. त्याची तिप्पट साधारण ०.०५२. म्हणजे सुटे नग २४.९७ पासून २५.०७ पर्यंत जाणार, आणि २५.०५ च्या वरचे सगळे बाद. त्या टोकाला साधारण चार टक्के नग पडतात. खालच्या टोकाला जवळजवळ कुणीच नाही.

म्हणून आलेखाच्या मर्यादा आणि ड्रॉइंगवरच्या मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी. पहिल्या प्रक्रिया स्वतः सांगते, दुसऱ्या गिऱ्हाईक सांगतं. क्विझ लिहिणाऱ्यांचा हा लाडका सापळा आहे, आणि प्रामाणिकपणे सांगते, कारखान्यातसुद्धा सरासरीच्या आलेखावर लाल रेघेने ड्रॉइंगची मर्यादा मारून ठेवलेली मी पाहिली आहे. प्रक्रिया स्थिर आहे का, हा एक प्रश्न. स्थिर राहून ती हवं ते देऊ शकते का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर प्रोसेस कपॅबिलिटी. वरच्या आकड्यांवर तिचा निर्देशांक, सीपीके, फक्त ०.५८ येतो; साधारणपणे १.३३ ची अपेक्षा असते.

मग उपाय? मध्य २५.०२ वरून २५.०० वर आणायचा. लेथचा ऑफसेट ०.०२ ने बदलला की दोन्ही टोकांना सारखी जागा मिळते आणि बाद नग हजारात चाळीसवरून चाराच्याही खाली येतात. एक पैसा खर्च नाही.

इथे वर्गातून हमखास आवाज येतो, "पण मॅडम, तुम्हीच तर म्हणालात की स्थिर प्रक्रियेत हात घालायचा नाही!"

म्हणाले होते. त्यामागे माझीच एक फजिती आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी तपासणीला होते आणि कामाचा उत्साह दांडगा होता. लेथवरून नग उतरला की मायक्रोमीटर लावायचे. ०.०१ मोठा निघाला की ऑपरेटरला सांगायचे, "काका, ऑफसेट एक शतांश कमी करा." पुढचा लहान निघाला की, "काका, आता वाढवा." काका निमूटपणे बटणं दाबायचे. दोन तासांनी त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मॅडम, हा लेथ मी चालवतोय, तुम्ही, की तो मायक्रोमीटर?" त्या शिफ्टला नेहमीपेक्षा जास्त नग बाद झाले होते.

का झाले हे मला पुढे कळलं. नगानगातला तो फरक मुळात यादृच्छिक होता. आत्ताचा नग मोठा निघाला म्हणून पुढचा मोठा निघेल असं काही नव्हतं. मी मात्र प्रत्येक वेळी मागच्या नगाची चूक पुढच्या नगावर लादत होते. स्थिर प्रक्रियेत प्रत्येक नगानंतर चुकीइतकीच उलटी दुरुस्ती केली तर पसरण १.४१ पट होते. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग हेच फनेल आणि गोटीच्या प्रयोगातून दाखवत: फनेल एका जागी ठेवून सोडलेल्या गोट्या जेवढ्या पसरतात, त्याहून दर वेळी फनेल सरकवून सोडलेल्या जास्त पसरतात. क्विझमध्ये 'ऑपरेटर प्रत्येक मोजमापानंतर मशीन जुळवतो आणि फरक वाढतो' असं वाक्य आलं की ते माझ्यावरच लिहिलंय असं समजा. उत्तर: सामान्य कारणाला विशेष कारण समजून केलेली ढवळाढवळ.

ऑफसेटचं बटण दोन्ही वेळी तेच आहे. एका नगावरून ते दाबलं तर ढवळाढवळ. सव्वाशे नग मोजून, प्रक्रिया स्थिर आहे हे पाहून, मध्यच सरकलेला आहे अशी खात्री झाल्यावर एकदाच दाबलं तर सुधारणा.

आता मध्य जागेवर आला. तरी हजारात तीन-चार नग जाणारच, कारण ०.०१७२ ची पसरण तशीच आहे आणि ऑफसेटने ती कमी होत नाही. इथून पुढे कायझेन की सिक्स सिग्मा, हा तुमचा खरा घोळ आहे. दोघांनाही दोष कमीच करायचे आहेत, त्यामुळे हेतूवरून फरक कळणार नाही. प्रश्नात काम कोण करतंय आणि कसं करतंय ते बघा. लेथवरचीच माणसं चक साफ करण्याची पद्धत बदलतायत, मग चिप्स अडकू नयेत म्हणून एक पत्रा लावतायत, पुढच्या आठवड्यात आणखी काहीतरी, आणि या मालिकेला शेवटची तारीखच नाही, तर ते कायझेन. पसरण किती आणायची ते आधी ठरवलंय, टीम नेमली आहे, बेअरिंग, टूल, कच्चा माल यांतला कुणाचा वाटा किती हे आकड्यांनी तपासतायत आणि शेवटी मिळालेलं टिकवायची व्यवस्था करतायत, तर ते सिक्स सिग्मा. त्या पायऱ्यांनाच डीएमएआयसी म्हणतात. आपल्या शाफ्टला त्या पातळीवर न्यायचं, म्हणजे मध्यापासून मर्यादेपर्यंतच्या ०.०५ मध्ये सहा सिग्मा बसवायचे, तर पसरण ०.००८३ हवी, आत्ताच्या निम्म्याहूनही थोडी कमी. ते ऑपरेटरने पत्रा लावून होईल असं मला वाटत नाही.

जाता जाता, दहा लाखांत ३.४ दोष हा आकडा पाठ असेल तर त्याच्या पोटातली अटही पाठ ठेवा. काळाच्या ओघात मध्य दीड सिग्मा सरकेल असं धरून तो काढलेला आहे. मध्य जराही हलला नाही तर सहा सिग्माला अब्जात दोनच दोष येतात. प्रश्नात 'मध्य स्थिर आहे' असं लिहून खाली ३.४ चा पर्याय दिलेला असेल तर थांबा.

शाफ्ट मोजायचा नसून नुसता पास-नापास करायचा असेल तर आलेखच बदलतो. नापास नगांचं प्रमाण पी-चार्टवर. एकाच पत्र्यावर किती ओरखडे आहेत, ते सी-चार्टवर. एका नगावर तीन दोष असले तरी सदोष नग एकच, एवढं लक्षात राहिलं की पुरे.

आता काकांचं राहिलंच. त्या फजितीनंतर आम्ही लेथशेजारी कागदी आलेख टांगला आणि मी मायक्रोमीटर आवरला. काही दिवस आलेखात बोलण्यासारखं काही नव्हतं. मग एका सकाळी बिंदू मधल्या रेषेच्या वर राहू लागले. एकही मर्यादेबाहेर नाही, बाद नग शून्य. मी म्हटलं, सगळं आत आहे, हात लावायला नको. काकांनी बोटाने मोजून दाखवलं, सलग आठ बिंदू वर. नाणं आठ वेळा उडवून आठही वेळा छाप पडावा तसं ते होतं. असं सहसा होत नाही. त्यांनी मशीन थांबवून इन्सर्ट काढला आणि माझ्या हातात दिला. धार एका बाजूने झिजून चकाकत होती. टूल झिजलं की बाहेरचा व्यास हळूहळू मोठा होत जातो. मर्यादा ओलांडायला अजून वेळ होता, तेवढ्यात नवा इन्सर्ट बसला होता.

'सर्व बिंदू मर्यादेत आहेत, म्हणून प्रक्रिया नियंत्रणात आहे' या वाक्याला बरोबर की चूक, असं विचारलं तर तुम्ही काय लिहाल?