‘ही मुलं’ म्हणजे कोणती?

आमच्या संस्थेत माझं पद ‘लेखापाल’ असं आहे. पण ज्याला हिशेब येतो त्याला फॉर्मही भरता येत असणार, असा सरांचा ठाम समज असल्यामुळे कंपन्यांच्या सीएसआर निधीसाठीचे सगळे ऑनलाइन अर्ज माझ्याच टेबलावर येतात. बीड जिल्ह्यातल्या तीन गावांत आम्ही काम करतो. दिवाळी झाली की नवरा-बायकोच्या जोड्या कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात. काही मुलं बरोबर जातात, काही आजी-आजोबांपाशी मागे राहतात. मागे राहणाऱ्यांसाठी आम्ही संध्याकाळचा वर्ग आणि रात्रीचं जेवण चालवतो.

त्या दिवशीच्या फॉर्ममध्ये पाच प्रश्न होते, प्रत्येकाला शंभर शब्द. संस्थेबद्दल सांगा, समस्या सांगा, तुम्ही काय करणार ते सांगा, परिणाम कसा मोजणार ते सांगा, आणि निधी संपल्यावर काम कसं चालेल ते सांगा. मुदत संध्याकाळी पाचची होती. सरांनी आदल्या रात्रीच मसुदा पाठवला होता. पाचपैकी चार उत्तरांची सुरुवात ‘आमची संस्था गेली १४ वर्षे वंचित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी’ अशी होती. सर भाषण उत्तम करतात. भाषणात एकच गोष्ट पाचदा सांगितली तर लोक पाचदा टाळ्या वाजवतात. फॉर्ममध्ये मात्र दर वेळी नऊ शब्द जातात आणि पहिली वेळ सोडली तरी चारशेतले सत्तावीस शब्द वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतात.

मी पाचही उत्तरं छापली, वरचे प्रश्न कात्रीने कापून टाकले आणि पट्ट्या आमच्या गावपातळीवरच्या ताईपुढे ठेवल्या. म्हटलं, “कुठलं कुठल्या प्रश्नाचं ते लाव.” तिने दुसरी आणि चौथी उलटसुलट लावली. तिसरी हातात धरून म्हणाली, “ही कुठंबी चालंल की.” कुठेही चालणारं उत्तर कुठल्याच प्रश्नाचं नसतं. ते फाडलं.

सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या उत्तराने घेतला. समस्या म्हणून सरांनी गरिबी, निरक्षरता आणि स्थलांतर लिहिलं होतं. ते खोटं नाही, पण त्यावर आमच्या वर्गाचा इलाज नाही. मी ताईला विचारलं, आजी घरी असताना पोरं आईबापाबरोबर जातातच कशाला? ती म्हणाली, दुपारचं शाळेत मिळतं, प्रश्न रात्रीचा आहे. आजीला दिसत नाही, चुलीपाशी बसवत नाही. मग आई म्हणते, चल, निदान दोन घास तरी देईन. हे ऐकून मी लिहिलं: ‘गेल्या हंगामात या तीन गावांतून १४० मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेले. ७८ मुले त्यांच्याबरोबर गेली, ६२ मागे राहिली. दुपारचे जेवण शाळेत मिळते. मुलाला नेण्याचा निर्णय रात्रीच्या जेवणावर होतो.’ दुसऱ्या उत्तराचं काम एवढंच. उपाय नाही, संस्थेचं कौतुक नाही.

दुसरं नेमकं झाल्यावर बाकीची आपोआप आखडत गेली. तिसऱ्यात फक्त संध्याकाळचे पाच ते आठ: कोण येतं, काय शिजतं, धाकट्यांना घरी कोण पोचवतं. चौथ्यात सरांचा ‘आत्मविश्वास वाढेल’ होता. तो कशाने मोजायचा? त्याऐवजी शाळेचा हजेरीपट घेतला, नोव्हेंबर ते मार्च, गेल्या वर्षीचा आणि या वर्षीचा, दर महिन्याला मुख्याध्यापकांच्या सहीनिशी. परीक्षेचे गुण मुद्दाम घेतले नाहीत. गुण वाढायला शाळेतले शिक्षकही कारण असतात. त्याचं श्रेय आपण घेतलं तर तपासणीत तोंडघशी पडायला होतं. पहिल्यात १४ वर्षं एकदाच राहिली, तीही अर्ध्या वाक्यात. उरलेल्या जागेत मागच्या तीन हंगामांत सलग वर्ग चालवल्याचं लिहिलं. पहिला प्रश्न ओळख विचारतो, पण वाचणाऱ्याला पैसे कुणाच्या हातात देतोय ते हवं असतं.

पाचव्यावरून मात्र सरांशी वाजलं. त्यांनी ‘लोकसहभागातून उपक्रम स्वयंपूर्ण होईल’ असं लिहिलं होतं. मी म्हटलं, धान्य गावातून येईल, खोली ग्रामपंचायत देईल, पण स्वयंपाकाच्या मावशींचं मानधन कोण देणार? गाव देणार नाही, गेल्या वर्षी विचारून झालंय. मी तसंच लिहिलं: धान्य आणि जागा गावाची, मानधनासाठी दरवर्षी निधी लागेल. सर म्हणाले, “असं लिहून कुणी पैसे देतं का?” मी म्हटलं, सगळेच स्वयंपूर्ण होणार असतील तर हे लोक दरवर्षी फॉर्म तरी कशाला काढतात?

भाषेवरूनही थोडी झटापट झाली. फॉर्म दोन्ही भाषांत चालत होता आणि सरांना इंग्रजी भारदस्त वाटतं. मी शब्दमर्यादेचं गणित मांडलं. ‘हजेरीपटावरून’ हा मराठीत एक शब्द, इंग्रजीत त्याचे चार होतात. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून बसतात, म्हणून शंभर शब्दांत मराठीत जास्त मावतं. मर्यादा अक्षरांची असेल तर हा फायदा तेवढा राहत नाही, कारण काना, मात्रा, वेलांटी मशीन वेगळी मोजतं. आणखी एक खोड म्हणजे, मोजणी रिकाम्या जागांवरून होत असेल तर दोन्ही बाजूंना जागा सोडलेली आडवी रेघही एक शब्द खाते. चौथं उत्तर १०२ दाखवत होतं. दोन रेघा काढल्या, शंभर झालं. (शब्द एकमेकांना चिकटवून मर्यादेत बसवणारे महाभागही मी पाहिलेत. तसलं वाचायला लागणाऱ्याची दया येते.)

चार चाळीसला फॉर्म गेला. मी खूश होते. कुठलीही माहिती दोनदा नव्हती. आकडे दुसऱ्यात होते, पुढे सगळीकडे नुसतं ‘ही मुलं’.

तीन आठवड्यांनी फोन आला. बाई मृदू बोलत होत्या. म्हणाल्या, “आमच्याकडे प्रत्येक प्रश्न वेगळा माणूस वाचतो आणि गुण देतो. माझ्याकडे फक्त चौथा आहे. तुम्ही लिहिलंय, ‘या मुलांची हजेरी पाहू.’ ही मुलं म्हणजे कोणती? गावातली सगळी?”

मी तोंडी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी पाच उत्तरं एका माणसासाठी लिहिली होती, वरून खाली वाचत येणाऱ्या. कामं वेगळी केली ते बरोबरच होतं. पण प्रत्येक पट्टीवर मुलं कोण हे लिहायला हवं होतं. कात्रीने कापलेल्या पट्ट्या ताईला दिल्या तेव्हा हे दिसायला हवं होतं. ते दिसलं नाही, कारण ताईला ती मुलं नावानिशी ठाऊक आहेत.

दुसऱ्या फेरीसाठी तोच फॉर्म दुरुस्त करून मागितलाय. चौथ्यात ‘ही मुले’ काढून ‘ऊसतोडीच्या काळात गावात राहिलेली ६२ मुले’ घालायचंय. म्हणजे चार शब्द जास्त, आणि चौथं अगोदरच शंभरावर आहे. सकाळपासून बघतेय. ‘मुख्याध्यापकांच्या सहीनिशी’ काढलं तर दोन सुटतात, पण ते काढायला हात होत नाही.