आमची वाटचाल: आधी मोजणी, मग केबल

आमची सुरुवात सीसीटीव्हीपासून झाली. सांगली-मिरजेत कॅमेरे बसवायचे, केबल ओढायची, पाईप ठोकायचे, हेच आमचं काम होतं. मिरजेत दवाखान्यांची दाटी असल्यामुळे हळूहळू डॉक्टरांचेच फोन जास्त येऊ लागले आणि त्यांची तक्रार एकच असायची, "आत वाय-फाय येत नाही." त्या तक्रारीमुळेच आमच्या धंद्याला वळण लागलं. आज आम्ही आधी सर्व्हे करतो, त्याचे पैसे वेगळे घेतो आणि कोटेशन त्यानंतर देतो.

हाडांच्या एका दवाखान्याचं उदाहरण सांगतो. जुनी इमारत, जाड विटांच्या भिंती. पुढे रिसेप्शन आणि वेटिंग, मग डॉक्टरांची केबिन, मागे एक्स-रे आणि फिजिओथेरपी. डॉक्टर म्हणाले, "अहो, एक मोठा राउटर बसवा, होऊन जाईल." आम्ही त्यांना समजावलं की राउटर कितीही जोरात ओरडला तरी मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो आणि त्याचं उत्तर राउटरपर्यंत पोचत नसेल तर उपयोग नाही.

सर्व्हेसाठी आम्ही मुद्दाम ओपीडीच्या गर्दीच्या वेळी जातो. रिकाम्या दवाखान्यातला सिग्नल आणि माणसांनी भरलेल्या दवाखान्यातला सिग्नल यांत फरक पडतो, कारण माणसाच्या शरीरातलं पाणीही सिग्नल अडवतं. कागदावर खोल्यांचा नकाशा काढतो, सिग्नल दाखवणारं ॲप मोबाइलवर सुरू करतो आणि माणूस प्रत्यक्ष जिथे बसून काम करतो तिथेच सिग्नलचा आकडा घेतो. हा आकडा उणे असतो, शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल कमजोर. -67 dBm च्या आसपास असेल तर व्हिडिओ कॉलही नीट चालतो. -80 dBm च्या खाली गेला की पट्ट्या दिसल्या तरी काम अडतं. प्रत्येक जागी दार उघडं ठेवून एकदा आणि बंद करून एकदा, असे दोन आकडे लिहितो.

या दवाखान्यात त्या दोन आकड्यांनीच उलगडा केला. एक्स-रे खोलीत दार उघडं असताना -66 dBm मिळत होतं. दार लावलं की थेट -85 dBm, कारण दाराला आतून शिशाचा पत्रा होता. एक्स-रे काढताना दार बंदच हवं आणि फोटो डॉक्टरांच्या संगणकावर पाठवायची वेळही नेमकी तीच. तिथे वाय-फाय वाढवण्यात अर्थ नव्हता. एक्स-रेच्या संगणकाला सरळ वायरचा पॉइंट दिला. फिजिओच्या खोलीत मात्र भिंतीमुळेच सिग्नल मरत होता, तिथे छताला वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरवरून नेट घेऊन वाय-फाय देणारा डबा, धरला.

मग वायरचे पॉइंट मोजले. रिसेप्शनचा संगणक, प्रिंटर, डॉक्टरांचा संगणक, एक्स-रे, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, दोन ॲक्सेस पॉइंट आणि राउटरकडून येणारी वायर, असे आठ झाले. कॅमेरे थेट रेकॉर्डरलाच जोडलेले होते, म्हणून ते यात धरले नाहीत. या सगळ्या वायरी जिथे येऊन जोडतात तो स्विच आठ पोर्टचा घेतला असता तर पहिल्याच दिवशी भरला असता, म्हणून सोळाचा सुचवला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो उपकरणांच्या मोजणीत. रिसेप्शनच्या ताई सांगत होत्या, "सकाळी नेट चांगलं असतं, दुपारनंतर नवीन फोन जोडला की नुसतंच फिरत राहतं. ज्यांचं आधीपासून जोडलेलं असतं त्यांचं चालतं." ताईंचं हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं होतं. सिग्नल कमी असता तर त्रास सगळ्यांनाच झाला असता. जोडलेल्या प्रत्येक फोनला राउटर एक पत्ता देतो, त्याशिवाय नेट चालत नाही. राउटरची सेटिंग्ज उघडून पाहिली तर तो 192.168.1.100 ते 192.168.1.149 असे पन्नासच पत्ते वाटत होता आणि दिलेला पत्ता चोवीस तास अडवून ठेवत होता. वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर लावलेला. पेशंट आणि नातेवाईक येऊन, फोन जोडून निघून जात, पण त्यांचे पत्ते तसेच अडकून राहत. त्यामुळे एका वेळी किती फोन आहेत यापेक्षा दिवसभरात किती येऊन गेले हे मोजावं लागतं. पेशंटसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं, त्याला दोनशे पत्ते दिले आणि मुदत एका तासावर आणली. यात एक रुपयाचंही सामान लागलं नाही. पेशंटचे फोन आणि एक्स-रेचा संगणक एकाच नेटवर्कवर असणं तसंही धोक्याचं होतं, तेही यात सुटलं.

आता नवीन दवाखान्याचं काम असेल तर फर्निचर आणि पीओपी सुरू होण्याआधीच आम्हाला बोलवा, असं आम्ही सांगतो. त्या टप्प्यावर नकाशाची एक प्रत इलेक्ट्रिशियनला देतो, म्हणजे नेटवर्कचा पाईप लाइटच्या पाईपपासून वेगळा जातो आणि छतावरच्या ॲक्सेस पॉइंटची वायर पीओपी होण्याआधी वर पोचते. एक्स-रेची खोली कुठे येणार, हा आमचा पहिला प्रश्न असतो.