एका पत्रिकेत दोन घरं: आमची वाटचाल

वडिलांनी १९८१ साली साताऱ्यात एका ट्रेडल मशिनवर छापखाना सुरू केला, तेव्हा लग्नपत्रिकेवरून फारशी भांडणं होत नसत. मुलाकडची पत्रिका वेगळी, मुलीकडची वेगळी. ज्याच्या घरची पत्रिका, त्याच्या मुलाचं किंवा मुलीचं नाव आधी, आणि खाली निमंत्रकही त्यांचेच. मी १९९८ मध्ये संगणक आणला, अक्षरांच्या खिळ्यांचे खण माळ्यावर गेले. पुढे खर्च निम्मा-निम्मा होऊ लागला, कार्यालय एक, मग पत्रिकाही एकच. आमच्या काउंटरवरची खरी गंमत तिथून सुरू झाली.

पहिला फटका आमच्याच चुकीचा होता. जुन्या पत्रिकेची फाइल उघडून तिच्यावरच नवी नावं टाकायची, ही माझी सवय. एकदा नाव बदललं, पण त्याआधीचं ‘कै.’ तसंच राहिलं. वधूचे आजोबा प्रूफ बघायला स्वतः आले नव्हते. छापलेली पत्रिका मात्र त्यांच्याच हातात पडली. तीनशे पत्रिका पदरमोड करून पुन्हा छापल्या. ते हसले, त्यांची सून हसली नाही. त्या दिवसापासून आम्ही एक छापील तक्ता करून ठेवला. त्यात प्रत्येक नावासमोर ‘हयात / दिवंगत’ असा रकाना आहे, आणि प्रूफावर दोन्ही घरांच्या सह्या घेतल्याशिवाय मशिन सुरू होत नाही.

तक्ता भरून घेता घेता एक गोष्ट लक्षात आली. पत्रिकेत नावं दोन कामांसाठी येतात. वर ‘यांचे चिरंजीव’, ‘यांची कन्या’ ही ओळख असते. खाली ‘निमंत्रक’ हे बोलावणं असतं. बहुतेक वाद या दोन जागांची गल्लत झाल्यामुळे होतात. दिवंगत माणूस ओळखीत येतो, यायलाच हवा. पण बोलावणं करणारा हयातच लागतो.

एक काम अजून आठवतं. वराचे वडील वारलेले, आई शिक्षिका, आजोबा वारकरी. वधूचे आईवडील दोघेही डॉक्टर. वराचे काका यादी घेऊन आले, तिच्यात निमंत्रकांत पहिलं नाव थोरल्या भावाचं, ‘कै.’ लावून. प्रेमापोटीच लिहिलं होतं, त्यामुळे खोडताना माझाही हात जड झाला. ते नाव वर घेतलं: ‘कै. अमुक व श्रीमती अमुक यांचे ज्येष्ठ चिरंजीव’. यादीत वहिनींच्या नावामागे ‘गं. भा.’ होतं. मी म्हटलं, “काका, हे त्यांनाच विचारा.” त्यांनी फोन लावला, तिकडून उत्तर आलं ‘श्रीमती’. विधवेच्या नावामागे काय लावायचं हे काउंटरवर उभ्या पुरुषांनी ठरवू नये, असं माझं मत आहे. निमंत्रकांत मग वयाने थोर म्हणून आजोबा, त्यांच्यानंतर आई, मग काका.

वधूकडे ‘डॉ. सौ. व डॉ.’ असं जोडपं आलं, दोघांची स्वतःची नावं लिहून. नुसतं ‘श्री. व सौ.’ आणि पुढे नवऱ्याचं नाव असं छापलं, की आईचं नावच पत्रिकेतून गळतं. हे पाहून काका म्हणाले, “त्यांचं डॉक्टर येणार, तर आमचं माजी सरपंचसुद्धा येऊ दे.” आमचा नियम असा: पदवी आणि ‘ह.भ.प.’ नावाआधी, पद मात्र नावानंतर कंसात, लहान टायपात, तेही फक्त निमंत्रकांत. आजोबांचं ‘ह.भ.प.’ लागलं, काकांचं सरपंचपद कंसात बसलं.

राहिलं डावं-उजवं. निमंत्रकांचे दोन रकाने शेजारी असले तरी डावीकडचा आधी वाचला जातो. वराकडची नऊ नावं, वधूकडची चार. तशीच छापली तर एक घर भारी दिसतं. दोन्हीकडे चार-चार ओळी ठेवल्या, वराकडची उरलेली मंडळी ‘स्वागतोत्सुक’मध्ये नेली, पोरं ‘किलबिल’मध्ये. दोन्ही कुलदैवतं वर एकाच ओळीत घेतली. सहाशेपैकी तीनशे पत्रिकांत वर आधी, तीनशेत वधू आधी. ऑफसेटला त्यासाठी एक जादा प्लेट लागते, एवढाच खर्च. वराकडच्यांनी आपला गठ्ठा नेला, वधूकडच्यांनी आपला. म्हणजे फिरून वडिलांच्या काळातल्या दोन पत्रिकाच झाल्या की!

हल्ली मोबाइलवर पाठवायचं चित्रही लागतं. अरुंद पडद्यावर दोन रकाने शेजारी ठेवले तर अक्षरं वाचता येत नाहीत. एकाखाली एक ठेवले, की खालचं घर रुसतं. म्हणून चित्रंही दोन करून देतो. फाइलच्या नावात ‘वरपक्ष’, ‘वधूपक्ष’ असं ठळक लिहितो, कारण मागच्या हंगामात एकाने घाईत दुसऱ्याच घरचं चित्र सगळ्या भावकीला पाठवलं होतं.