निगेटिव्ह पेपर आणि 127 बाळं

मी वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे रेसिडेंट मुलांच्या जर्नल क्लबला मला बसावंच लागतं. त्या शनिवारी स्त्रीरोग विभागाच्या एका रेसिडेंटने जुना विषय घेतला होता. मुदतीआधी बाळंतपण होईल अशी लक्षणं असलेल्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर बाळाचा जीव वाचतो का? आज याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे, पण तिने 1970 च्या दशकातले मूळ अभ्यास उघडले होते आणि त्यातल्या एकावर तिचं बोट येऊन थांबलं होतं.

"मॅडम, हा 1979 चा अभ्यास सरळ निगेटिव्ह आहे. स्टेरॉइड दिलेल्या 56 बाळांपैकी 8 गेली, न दिलेल्या 71 पैकी 10. म्हणजे 14.3 टक्के आणि 14.1 टक्के. पी-व्हॅल्यू जवळपास 1. परिणाम नाही."

आकडे बरोबर होते. औषधाचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू; ती 0.05 च्या खाली गेली की निकालाला "सिग्निफिकंट" म्हणायची रीत आहे. इतका स्वच्छ नकार क्वचितच पाहायला मिळतो, म्हणून तर तो फसवा आहे. पी-व्हॅल्यू 0.06 आली की लोक अभ्यास लहान होता का, असं तरी विचारतात. दोन्ही गटांचे टक्के तंतोतंत सारखे दिसले की ते विचारायचं कुणाला सुचत नाही.

मी तिला म्हटलं, "आधी हे सांग, स्टेरॉइडने मृत्यू खरोखर निम्मे होत असते, तर या अभ्यासाला ते दिसलं असतं का?"

खरा फरक असेल तर तो अभ्यासात पकडला जाण्याची शक्यता म्हणजे पॉवर. तिने लॅपटॉप उघडून आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ती काढायला घेतली, पण त्यात जे दोन आकडे टाकले ते पेपरमधलेच, 0.141 आणि 0.143. उत्तर आलं पाच टक्क्यांच्याही खाली. "बघा मॅडम, पॉवरच नाही," ती म्हणाली.

इथे मी तिला थांबवलं, कारण ही चूक छापील पेपरांतही सर्रास भेटते. हाती आलेला फरक टाकून काढलेली पॉवर ही पी-व्हॅल्यूचंच दुसरं रूप असते. फरक लहान निघाला की पॉवर आपोआप कमी दिसणार, मग अभ्यासात दहा हजार माणसं का असेनात. तिच्यातून नवी माहिती काहीच मिळत नाही. पॉवरच्या हिशोबात फरक टाकायचा तो अभ्यासाबाहेरून आणलेला, म्हणजे आपल्याला महत्त्वाचा वाटेल इतका. कितीने मृत्यू घटले तर आपण लेबर रूममधली रीत बदलू, हा प्रश्न डॉक्टरने ठरवायचा आहे. तो संख्याशास्त्रज्ञावर सोपवू नये.

विभागातल्या सरांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "निम्म्यावर आले तर उद्यापासून देईन. खरं तर तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले तरी देईन." आम्ही निम्मे धरले. दोन गटांचा आकार सारखा नव्हता, म्हणून सरासरी 63 घेतली.

```r
power.prop.test(n = 63, p1 = 0.14, p2 = 0.07)
power.prop.test(p1 = 0.14, p2 = 0.07, power = 0.8)
```

पहिल्या ओळीचं उत्तर सुमारे 0.25. म्हणजे औषध मृत्यू निम्म्यावर आणत असतं, तरी असा अभ्यास चार वेळा केला तर एकदाच ते पकडलं जाणार. दुसऱ्या ओळीने सांगितलं की 80 टक्के खात्रीसाठी प्रत्येक गटात 300 बाळं लागतात. सर पुढे सरसावून म्हणाले, "मग या 127 बाळांवरून आपण काय ठरवत होतो?"

खरं तर अभ्यास होऊन गेल्यावर पॉवरपेक्षाही नीट उत्तर देतो तो कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे हाती आलेल्या आकड्यांशी जुळणाऱ्या परिणामांचा पल्ला. तो मी फळ्यावर काढला. मृत्यूच्या धोक्याचं गुणोत्तर 1.01, आणि 95 टक्क्यांचा पल्ला 0.43 पासून 2.40 पर्यंत. मराठीत सांगायचं तर, या आकड्यांशी दोन्ही शक्यता जुळतात: स्टेरॉइडने निम्म्याहून अधिक मृत्यू टळत असतील किंवा मृत्यू दुपटीहून वाढतही असतील. मधला 1.01 पाहून "परिणाम नाही" म्हणणं म्हणजे पल्ल्याची दोन्ही टोकं झाकून वाचणं. या पेपरला उत्तर सापडलं नाही, एवढंच त्याच्यावरून म्हणता येतं.

मग आम्ही उरलेले अभ्यास शेजारी मांडले. कोक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हातल्या आडव्या रेघा या सात अभ्यासांच्याच आहेत. ऑकलंडचा 1972 चा अभ्यास त्यात सर्वांत मोठा: स्टेरॉइड दिलेल्या 532 बाळांपैकी 36 गेली आणि न दिलेल्या 538 पैकी 60. तो आणि 1980 चा आणखी एक, असे दोनच अभ्यास स्वतःच्या बळावर "सिग्निफिकंट" ठरतात. बाकीचे पाच एकेकटे वाचले तर निगेटिव्ह. पण त्यातल्या एकात 69 पैकी 1 आणि 61 पैकी 5 बाळं गेली आहेत, दुसऱ्यात 67 पैकी 3 आणि 59 पैकी 7. पाच विरुद्ध दोन अशी मतमोजणी करणाऱ्याला स्टेरॉइड हरलेलं दिसतं. प्रत्येक अभ्यास त्याच्या स्वतःच्या तुलना गटाशी तोलून मग एकत्र केले, की ऑड्स रेशो, म्हणजे दोन गटांतल्या मृत्यूच्या शक्यतेचं गुणोत्तर, 0.53 येतो आणि पल्ला 0.39 ते 0.73. दोन्ही गट सारखे असते तर तो 1 आला असता. सगळा पल्ला 1 च्या खाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने हे औषध सर्रास वापरा असं सांगितलं ते 1994 साली, पहिल्या अभ्यासानंतर 22 वर्षांनी. त्या दरम्यान ज्या आयांना ते मिळालं नाही त्यांचा विचार आला की मला "परिणाम नाही" हे दोन शब्द निष्काळजीपणे लिहिलेले सहन होत नाहीत.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, मग निगेटिव्ह पेपरवर कधी विश्वास ठेवायचाच नाही का? हे उलटं टोकही तितकंच चूक. हार्ट ॲटॅकमध्ये शिरेतून मॅग्नेशियम द्यायचं की नाही, याचे लहान अभ्यास फार आशादायक होते. 1995 मध्ये आयसिस-4 या मोठ्या अभ्यासाचे निकाल छापून आले, 58,050 रुग्णांचे. पाच आठवड्यांत मॅग्नेशियम गटात 7.64 टक्के दगावले, दुसऱ्यात 7.24 टक्के. गुणोत्तराचा पल्ला साधारण 1.00 ते 1.12. इतक्या अरुंद पल्ल्यात मोठ्या फायद्याला जागाच उरत नाही, म्हणून हा नकार ऐकायचा. त्यावरही आक्षेप आला की मॅग्नेशियम उशिरा दिलं गेलं, आणि तो आक्षेप तपासण्यासारखाच होता. रुग्णांची संख्या भरपूर असूनही औषध चुकीच्या वेळी दिलं असेल, तर त्या अभ्यासाला परिणाम दिसणार नाही.

हे ऐकून ती रेसिडेंट पुन्हा 127 बाळांकडे वळली. स्टेरॉइडचा फायदा इंजेक्शननंतर साधारण 24 तासांनी आणि सात दिवसांच्या आत प्रसूती झाली तर सर्वाधिक दिसतो, हे तिला वॉर्डातून माहीत होतं. "मॅडम, यातल्या किती आया त्या वेळेत बाळंत झाल्या?" संख्येचा हिशोब मी केला होता, पण हा प्रश्न तिचा होता आणि माझ्याहून चांगला होता. आमच्यासमोरच्या तक्त्यात फक्त मृत्यू होते. तिने "निष्कर्ष: परिणाम नाही" ही स्लाइड पुसून तिथे 0.43 ते 2.40 लिहिलं आणि खाली "प्रसूतीपर्यंतचा वेळ: मूळ पेपर पाहणे". मग ग्रंथालयाच्या खिडकीवर जुन्या अंकाची मागणी लिहून आली.