'स' आला, मग 'प' आला

आमच्याकडं परभणी जिल्ह्यात पाऊस लागून राहिला की कृषी सेवा केंद्राच्या मोबाईलवर मेसेजांची रांग लागते, अन त्यात काही मेसेज निव्वळ एका अक्षराचे. 'स'. थोड्या वेळानं 'प'. झालं, संपला मेसेज. ज्यांची शाळा दुसरी-तिसरीतच सुटली त्यांना मात्रा सापडत नाहीत, क दाबला की वरची ओळ बदलून का-कि-की येतात हे कुणी दाखवलेलंच नसतं. व्हॉइस पाठवावा तर माइकचं बटन दाबून धरावं लागतं, बोट उचललं की अर्धंच बोलणं निघून जातं.

दुकानातली नवी पोरं लगेच 'नीट लिहा' म्हणून टाकतात. मग समोरचा गप्प, अन दुसऱ्या दिवशी कुणाचंतरी ऐकून रानात युरिया.

आता ह्या दिवसांत स म्हणजे सोयाबीन, हे धरून चालतं. पण प म्हणजे पिवळं, का पाणी, का पान खाल्लंय? मी 'पिवळं पडलंय का मामा?' असं विचारतच नाही, कारण समोरून 'ह' येणार. दुकानदारानं काही विचारलं की आपला माणूस हो म्हणून मोकळा होतो, त्या हो ला काही अर्थ नसतो. त्यापेक्षा फोटो मागवायचा. आला, पण बांधावरून काढलेला, सगळं रानच दिसतंय, पिवळं आहे एवढं मात्र कळलं.

मग मी व्हॉइस टाकतो, "मामा, शेंड्याची कवळी पानं पिवळी असतील तर 1 टाका, बुडातली जुनी असतील तर 2." आकडे सगळ्यांना येतात, फोन लावायला रोजच लागतात. एका वेळी एकच प्रश्न, अन मग थांबायचं. उत्तराला तास लागला तरी मधी दुसरा मेसेज टाकायचा नाही, माणूस पान बघायला रानात गेलेला असतो हो.

'1' आला. पुढचा प्रश्न, पानाच्या शिरा हिरव्याच आहेत तर 1, पानावर पिवळे-हिरवे चट्टे आहेत तर 2. चट्टे म्हणजे मोझॅक रोगाचा संशय, तिथं खत देऊन काही होत नाही. परत '1' आला. म्हणजे लोह कमी पडलंय, चुनखडीच्या रानात पाणी साचलं की हे होतंच. आधी चर काढून पाणी बाहेर काढा म्हणलं, मग लोहासाठी फेरस सल्फेट फवारा, 10 लिटर पाण्याला 50 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75.

तिकडून अंगठा आला. अंगठ्यावर माझा भरवसा नाही, तो मेसेज पोचला एवढंच सांगतो. पाकिटाचा फोटो मागवला तर त्यावर झिंक सल्फेट, घरात मागचं पडलेलं. "मामा ते झिंक आहे, ते ठेवा बाजूला, उद्या दुकानावर या. अन एका पंपाला किती टाकणार, आकडा टाका बरं."

लई वेळ काहीच नाही. मग '7'. अन त्याच्या मागून '5'.